कार्नो मॅपचा सराव: मधली चौकडी घ्यायची की सोडायची?

मागच्या व्याख्यानात आपण बूलीय बीजगणिताचे नियम पाहिले आणि त्या नियमांनी राशी लहान कशी करायची तेही पाहिलं. आज सराव. वही आडवी धरा. डाव्या बाजूला सोळा ओळींची रिकामी ट्रुथ टेबल आखा, उजव्या बाजूला चार बाय चारची जाळी. अशी दोन पानं तयार ठेवा, कारण एक टेबल आपण उदाहरण सुरू करताना भरणार आहोत आणि दुसरी उत्तर आल्यावर. दुसरी टेबल बहुतेक जण भरतच नाहीत.

आज एकच फलन घेऊ, पण ते शेवटपर्यंत नेऊ. चार इनपुट आहेत, A, B, C आणि D. त्यात A सर्वांत मोठ्या वजनाचा, म्हणजे आठाचा, आणि D एकाचा. फलन असं आहे:

```
F(A,B,C,D) = Σm(1, 5, 6, 7, 11, 12, 13, 15)
```

म्हणजे सोळापैकी या आठ ओळींत F एक आहे, बाकीच्या आठांत शून्य. हे फलन आम्ही मुद्दाम निवडलं आहे. यात एक मोठा, दिसताक्षणी हात जावा असा गट आहे, आणि खरा प्रश्न त्या गटाचा आहे.

पहिली टेबल आणि जाळी

ट्रुथ टेबल भरताना घाई करू नका, पण डोकंही फार लावू नका. D चा रकाना 0, 1, 0, 1 असा. C चा दोन-दोन, B चा चार-चार, A चा आठ-आठ. डाव्या कडेला ओळीचा क्रमांक 0 ते 15 लिहा. मग F च्या रकान्यात वरच्या यादीतल्या क्रमांकांसमोर 1 आणि उरलेल्यांसमोर 0. शून्यं पण लिहायची, जागा रिकामी सोडायची नाही. रिकामी जागा म्हणजे 'शून्य' की 'अजून भरलं नाही', हे पाच मिनिटांनी आपल्यालाच कळत नाही.

आता जाळी. AB च्या जोड्या डावीकडे खाली-खाली, CD च्या जोड्या वर आडव्या. क्रम 00, 01, 11, 10. हा क्रम असाच का? जाळीचा सगळा उपयोग एकाच गोष्टीवर उभा आहे: शेजारच्या दोन घरांत फक्त एकच इनपुट बदललेलं असलं पाहिजे. तसं असेल तरच दोन शेजारी एकांची जोडी करून ते बदलणारं इनपुट राशीतून काढून टाकता येतं. 01 नंतर 10 लिहिलं तर दोन्ही बिट एकदम बदलतात आणि शेजार खोटा ठरतो. एडवर्ड व्हीच यांनी 1952 मध्ये अशा प्रकारचा तक्ता मांडला होता, त्यात क्रम साधाच होता. पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, बेल लॅब्जमधले मॉरिस कार्नो यांनी तो ग्रे कोडच्या क्रमात मांडला आणि मग शेजार डोळ्यांनी ओळखता येऊ लागला. म्हणून आज आपण कार्नो मॅप म्हणतो, वर्गात नुसतं 'के-मॅप'.

या क्रमामुळे मिनटर्मचे क्रमांक जाळीत सरळ चालत नाहीत. तिसरा आणि चौथा स्तंभ अदलाबदल झालेले, तशाच तिसरी आणि चौथी ओळही:

```
        CD
AB      00   01   11   10
00       0    1    3    2
01       4    5    7    6
11      12   13   15   14
10       8    9   11   10
```

पहिले काही दिवस प्रत्येक घराच्या कोपऱ्यात हे क्रमांक पेन्सिलीने बारीक लिहून ठेवा. आता आपलं फलन यात भरू:

```
        CD
AB      00   01   11   10
00       0    1    0    0
01       0    1    1    1
11       1    1    1    0
10       0    0    1    0
```

इथे एकदा मोजून घ्या. जाळीत आठ एक आहेत ना? यादीत आठ क्रमांक होते, म्हणजे निदान संख्या जुळली.

हात कुठे जातो

आता ही जाळी जरा लांबून बघा. मधोमध चार एकांचा चौकोन दिसतो: 5, 7, 13 आणि 15. आपल्याला शिकवलेलं असतं की आधी सगळ्यात मोठा गट घ्यावा. आठांचा गट आहे का? नाही. चारांचा? आहे, मधोमध. मग पहिली चौकडी तीच. त्या चारही घरांत B = 1 आणि D = 1 आहे, A आणि C बदलतात, म्हणून पद मिळालं BD. फक्त दोन अक्षरांचं पद.

आता उरले कोण? 1, 6, 11 आणि 12. चौघेही चौकडीच्या बाहेर, एकेका बाजूला चिकटलेले. 1 ला 5 बरोबर जोडा, 6 ला 7 बरोबर, 11 ला 15 बरोबर, 12 ला 13 बरोबर. चार जोड्या झाल्या:

```
1, 5    ->  A'C'D
6, 7    ->  A'BC
11, 15  ->  ACD
12, 13  ->  ABC'
```

आणि उत्तर लिहिलं:

```
F = BD + A'C'D + A'BC + ACD + ABC'
```

पाच पदं. आता दुसरी रिकामी टेबल घ्या आणि हे उत्तर तपासा. प्रत्येक पदाला एक रकाना द्या आणि शेवटी OR चा रकाना. भरून झाल्यावर दिसेल की OR चा रकाना पहिल्या टेबलशी ओळीगणिक जुळतो, सोळाच्या सोळा. म्हणजे उत्तर बरोबर.

पण कमीत कमी आहे का? जाळीकडे परत या. चार जोड्या काढल्यावर मधल्या चौकडीतलं एकेक घर बघा. 5 हा 1 बरोबरच्या जोडीत आलाच आहे. 7 आला 6 बरोबर, 15 आला 11 बरोबर, 13 आला 12 बरोबर. चौकडीत असा एकही 1 नाही जो फक्त चौकडीमुळे झाकला गेला. म्हणजे BD काढून टाकलं तरी काही बिघडत नाही:

```
F = A'C'D + A'BC + ACD + ABC'
```

ही आकृती वहीत काढून बघा, भिरभिऱ्यासारखी दिसते. चार पाती चार बाजूंना, आणि मध्ये जो चौकोन भरलेला वाटतो तो खरं तर पात्यांच्या बुडांनीच बनलेला.

इथे समोरून प्रश्न आला आहे: "पण बीजगणिताने हे सिद्ध करता येईल का, की चित्र बघूनच मान्य करायचं?" करता येतं, आणि एकदा करून बघावं. BD मध्ये A आणि C नाहीत, म्हणून (A + A') आणि (C + C') ने गुणा. दोन्ही कंसांची किंमत एकच आहे, त्यामुळे काही बदलत नाही:

```
BD = ABCD + ABC'D + A'BCD + A'BC'D
```

पहिला तुकडा ABCD हा ACD च्या पोटात आहे. दुसरा ABC'D हा ABC' च्या पोटात, तिसरा A'BC च्या आणि चौथा A'C'D च्या. मागच्या वेळी आपण शोषणाचा नियम पाहिला होता, X + XY = X. तो चार वेळा लावला की BD चा मागमूस राहत नाही.

दुसऱ्या टेबलमध्येही हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने दिसते. चार इनपुटच्या फलनात तीन अक्षरांचं पद बरोबर दोन ओळींत 1 होतं. चार पदं गुणिले दोन, म्हणजे आठ. फलनात एकही आठच. म्हणजे प्रत्येक 1 बरोबर एकदाच झाकला गेला, कुणी राहिला नाही आणि कुणी दोनदा आला नाही. पाचव्या पदाला करायला कामच उरत नाही.

मग सुरुवात कुठून करायची

'मोठा गट आधी' हे सूत्र चूक नाही, अर्धवट आहे. त्याचा खरा अर्थ असा की कुठलाही गट घ्याल तो जितका वाढू शकतो तितका वाढवून घ्या. दोघांच्या जोडीला चौकडी होता येत असेल तर जोडी ठेवू नका. अशा पूर्ण वाढलेल्या गटाला प्राइम इम्प्लिकंट म्हणतात. पण त्या गटांपैकी आधी कुठला उचलायचा, हे आकारावरून ठरत नाही, गरजेवरून ठरतं.

म्हणून जाळीत आधी सगळ्यात एकटा 1 शोधा. आपल्या जाळीत घर 1 बघा. त्याचे शेजारी कोण? वर-खाली, डावे-उजवे, आणि कडेवरून पलीकडे गुंडाळून येणारे धरून चार: 0, 3, 5 आणि 9. यापैकी 1 असलेला एकच, 5. म्हणजे घर 1 ला झाकायचं तर 1-5 ही जोडी घ्यावीच लागणार, दुसरा मार्ग नाही. अशा गटाला इसेन्शियल म्हणतात. त्या घरात एक छोटी चांदणी काढा, म्हणजे ही जोडी का घेतली ते लक्षात राहील. तसंच 6 ला फक्त 7, 11 ला फक्त 15, 12 ला फक्त 13. चार चांदण्या झाल्या, चार जोड्या नक्की झाल्या. आता उरलेले एक बघा. उरलंच कुणी नाही. चौकडीचा विचार करायची वेळच आली नाही.

क्रम लक्षात ठेवायचा तो एवढाच: एकटे आधी, त्यांचे गट पूर्ण वाढवून घ्या, मग उरलेल्यांसाठी मोठ्यातला मोठा गट शोधा. शेवटी प्रत्येक गटाला विचारा, "तुझ्याशिवाय उघडा पडणारा एक तरी 1 आहे का?" नसेल तर तो गट खोडा.

दुसरी टेबल काय पकडते

आता थोडं मागे जाऊ. पाच पदांचं उत्तर तपासलं तेव्हा ट्रुथ टेबल पूर्ण जुळली होती. म्हणजे टेबलने आपल्याला सांगितलं नाही की एक पद जास्तीचं आहे. ती ते सांगूच शकत नाही. 'दोन राशी सारख्या आहेत का?' एवढाच प्रश्न तिला कळतो. 'यापेक्षा लहान राशी आहे का?' हा प्रश्न जाळीचा आहे.

पण मग दुसरी टेबल भरायची कशाला? तिला जे पकडता येतं ते जाळीला स्वतःला पकडता येत नाही म्हणून. एक नेहमीची चूक घेऊ. समजा कुणी जाळीच्या कडेला 00, 01, 11, 10 असं बरोबर लिहिलं, पण आत भरताना सवयीने ट्रुथ टेबलमधले एक-शून्य सरळ ओळीने उतरवले: पहिल्या ओळीत 0, 1, 2, 3 ची मूल्यं, दुसरीत 4 ते 7, तिसरीत 8 ते 11, चौथीत 12 ते 15. त्याची जाळी अशी दिसेल:

```
        CD
AB      00   01   11   10
00       0    1    0    0
01       0    1    1    1
11       0    0    0    1
10       1    1    0    1
```

यातही आठ एक आहेत. गट पडतात, पदं निघतात, राशीही नीटनेटकी दिसते. जाळीकडे बघून काही चुकलं आहे असं वाटणार नाही. पण त्या राशीवरून दुसरी टेबल भरली की चित्र स्वच्छ होतं: 0 ते 7 या वरच्या आठही ओळी जुळतात आणि 8 ते 15 या खालच्या आठही ओळी चुकतात. उदाहरणार्थ ओळ 14 मध्ये मूळ फलन 0 आहे, नव्या राशीने 1 येतो. कारण 11 चा 1 तिसऱ्या ओळीच्या शेवटच्या घरात पडला, आणि ते घर 14 चं आहे.

वरचा अर्धा भाग जुळला तो या फलनाच्या योगायोगाने. तिथे 2 आणि 3 दोघेही शून्य आहेत, 6 आणि 7 दोघेही एक, त्यामुळे स्तंभांची अदलाबदल कळून आली नाही. ओळींची मात्र कळली. म्हणून टेबल न जुळल्यास लगेच सगळं खोडू नका. कुठल्या ओळी जुळत नाहीत ते आधी बघा. खालचा अर्धा भाग सगळाच बिघडला असेल तर जाळी भरतानाचा क्रम तपासा. एक-दोनच ओळी चुकल्या असतील तर बहुधा एखाद्या पदात A च्या जागी A' लिहिलं गेलंय, किंवा गटाने चुकून एखादं शून्य आत घेतलंय. कुठल्या पदात, तेही कळतं: तीन अक्षरांच्या पदाच्या रकान्यात दोन एक हवेत, दोन अक्षरांच्या पदात चार. ज्या रकान्यात मोजणी जुळत नाही तो भरतानाच चुकला आहे.

आणि दोघांनाही न दिसणारी गोष्ट

आता आपण BD खोडलं, चार पदांचं उत्तर लिहिलं, परीक्षेत पूर्ण गुण मिळाले. पुढच्या आठवड्यात तेच सर्किट प्रयोगशाळेत ब्रेडबोर्डवर लावायचं आहे. तिथे BD ची आठवण परत येते.

NAND गेट वापरून लावू. तीन इनपुटची चार NAND गेट चार पदांसाठी, त्यांच्यापुढे चार इनपुटचं एक NAND. 7410 मध्ये तीन इनपुटची तीन गेट असतात, म्हणून दोन 7410. शेवटच्यासाठी एक 7420. A' आणि C' साठी एक 7404. B' आणि D' आपल्या राशीत कुठेच नाहीत, म्हणजे दोन इन्व्हर्टर पुरतात. एकूण चार आयसी.

आता A जमिनीला जोडा, B आणि D पाच व्होल्टला. C वर स्क्वेअर वेव्ह द्या. C = 0 असताना आपण घर 5 मध्ये आहोत, C = 1 असताना घर 7 मध्ये. दोन्ही घरांत 1 आहे, म्हणजे F सतत 1 राहायला हवा. ट्रुथ टेबल तेच म्हणते.

पण कागदावर आणि ब्रेडबोर्डवर फरक आहे तो वेळेचा. घर 7 ला A'BC हे पद सांभाळतं, घर 5 ला A'C'D. C एकावरून शून्यावर आला की A'BC लगेच सुटतं. A'C'D ने ते उचलायचं, पण त्याला C' लागतो आणि C' इन्व्हर्टरमधून येतो. 74LS मालिकेत एका गेटचा उशीर साधारण 10 नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात C शून्य झालाय आणि C' अजून एक झालेला नाही, म्हणजे दोन्ही पदं शून्य आणि F खाली पडतो. मग परत वर येतो. याला स्टॅटिक हॅझर्ड म्हणतात, आणि त्या खाली पडलेल्या टोकाला ग्लिच. C उलट दिशेने, शून्यावरून एकावर गेला तर हे होत नाही. तेव्हा C' सोडायला उशीर करतो आणि दोन्ही पदं क्षणभर एकत्र 1 असतात.

साध्या 20 मेगाहर्ट्झच्या ऑसिलोस्कोपवर हा टोक दिसणं अवघड आहे, कारण त्या स्कोपलाच वर-खाली जायला 17-18 नॅनोसेकंद लागतात. मग एक युक्ती करा. C' साठी एकाऐवजी तीन इन्व्हर्टर एकापाठोपाठ जोडा. तर्क तोच राहतो, उशीर तिप्पट होतो आणि ग्लिच रुंद होऊन दिसू लागतो. 7404 मध्ये सहा इन्व्हर्टर असतात, A साठी एक आणि C साठी तीन वापरले तरी दोन उरतात.

आता BD परत जोडा. B आणि D दोघेही 1 आहेत, C काहीही करो, BD सतत 1. F खाली पडायचा प्रश्नच नाही. 5 आणि 7 मधली फट जी दोन पात्यांच्या मध्ये राहिली होती, ती या चौकडीने झाकली. तशीच 7-15, 15-13 आणि 13-5 यांच्यातलीही. जाळीत शेजारी-शेजारी असलेल्या एकांच्या सगळ्या जोड्या आता कुठल्या ना कुठल्या एकाच गटात येतात. जाळीवर हॅझर्ड ओळखायचा नियम तोच: दोन शेजारी 1 असतील, पण दोघांना एकत्र घेणारा एकही गट घेतलेला नसेल, तर तिथे ग्लिच येऊ शकतो.

खर्च किती वाढला? पाचव्या पदासाठी नवा आयसी लागत नाही. दोन 7410 मधल्या सहा गेटपैकी चारच वापरली होती. उरलेल्यापैकी एकाला B आणि D द्या, तिसरा इनपुट पाच व्होल्टला बांधा. शेवटचं गेट मात्र आता पाच इनपुटचं हवं, म्हणून 7420 काढून आठ इनपुटचं 7430 लावा आणि त्याचे उरलेले तीन इनपुट पण पाच व्होल्टला बांधा. आयसी परत चारच. कागदावर जास्तीचं ठरलेलं पद इथे जवळजवळ फुकट बसलं.

समोरून अजून एक प्रश्न: "मग परीक्षेत BD लिहायचं की नाही?" प्रश्न काय विचारलाय ते बघा. 'कमीत कमी राशी काढा' असं असेल तर चार पदं. 'हॅझर्डमुक्त सर्किट काढा' असं असेल तर पाच. दोन्ही उत्तरं एकाच जाळीतून येतात, पण प्रश्न वेगळे आहेत. पहिल्या प्रश्नाला पाच पदं लिहिली तर टेबल जुळूनही उत्तर अपुरं राहतं.

प्रत्यक्ष कामातही हाच निकष. F ने एलईडी लावायचा असेल तर 10 नॅनोसेकंदांचा टोक डोळ्याला दिसणार नाही, BD सोडा. F फ्लिप-फ्लॉपच्या D इनपुटला जात असेल आणि क्लॉक यायच्या आधी सगळं स्थिर व्हायला पुरेसा वेळ असेल, तरीही सोडा. पण F थेट काउंटरच्या क्लॉकला किंवा रीसेटला जोडला असेल तर तो टोक एक खरा पल्स म्हणून मोजला जाऊ शकतो. काउंटर मधूनच एक आकडा पुढे सरकतो, आणि ट्रुथ टेबल कितीही वेळा तपासली तरी चूक सापडत नाही. तिथे BD हवंच.

एक मर्यादा सांगून ठेवतो. हा इलाज एका वेळी एकच इनपुट बदलत असेल तेव्हाचा आहे. घर 1 मधून घर 7 मध्ये जायचं तर B आणि C दोघे बदलतात. B आधी पोचला तर वाटेत घर 5 लागतं, तिथे 1 आहे. C आधी पोचला तर घर 3 लागतं, तिथे 0. तो खड्डा फलनातच आहे, कुठलाही गट जोडून बुजत नाही. तिथे इनपुटच एकेक बदलतील अशी व्यवस्था करावी लागते, नाहीतर क्लॉकवर थांबायचं.

घरी करायला

दोन उदाहरणं देतो, दोन्ही तीन इनपुटची. त्यामुळे आठ ओळींची टेबल आणि दोन बाय चारची जाळी पुरेल.

```
1)  G(A,B,C) = Σm(1, 3, 6, 7)
2)  H(A,B,C) = Σm(0, 1, 2, 5, 6, 7)
```

पहिल्यात तीन जोड्या दिसतील, पण दोनच लागतात. AB आणि A'C राहतात, BC जास्तीचं ठरतं. आजचंच उदाहरण लहान रूपात. BC सोडल्यावर ग्लिच नेमका कुठल्या दोन घरांच्या मध्ये येतो आणि त्या वेळी B आणि C काय असतात, ते लिहून आणा.

दुसऱ्यात एकटा 1 सापडणारच नाही. प्रत्येक 1 ला दोन-दोन शेजारी आहेत, चांदणी कुठेच पडत नाही. सहा जोड्या वर्तुळात एकमेकींना धरून बसल्या आहेत, त्यातली एक आड एक घ्यायची. सुरुवात कुठून केली त्यावर उत्तर ठरतं:

```
H = A'B' + AC + BC'
H = A'C' + AB + B'C
```

दोन्ही तीन पदांची, दोन्ही बरोबर. शेजारच्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आलं तर खोडायच्या आधी दोघांनी आपापल्या उत्तराची दुसरी टेबल भरा. दोन्ही टेबल जुळल्या आणि पदं-अक्षरं सारखीच असली, तर दोघांनाही गुण. पुढच्या व्याख्यानात आपण 'डोण्ट केअर' घरं घेऊ, तेव्हा येताना सोळा घरांच्या आणखी चार रिकाम्या जाळ्या आखून आणा.